मंजूर झालेली रजा रद्द झाली किंवा मधूनच परत बोलावलं, तर काय करायचं?

रजा मंजूर आहे, तिकिटं काढलेली आहेत, आणि निघायच्या दोन दिवस आधी साहेब सांगतात की या आठवड्यात जमणार नाही. किंवा गावी पोचल्यावर फोन येतो की उद्या कामावर हजर व्हा. असं करायचा त्यांना अधिकार आहे का?

बहुतेक ठिकाणी आहे. हे ऐकायला बरं वाटत नाही, पण ते आधीच माहीत असलेलं चांगलं. कारण रजा काढून घेता येते का, हा एक प्रश्न आहे आणि काढून घेतली तर त्याबदल्यात आपल्याला काय मिळालं पाहिजे, हा अगदी वेगळा. माणसं पहिल्या प्रश्नावर तावातावाने भांडतात आणि तिथे हरतात. दुसऱ्या प्रश्नावर बरंच काही हाती लागू शकतं, पण तिथे कुणी साधा अर्जसुद्धा करत नाही. दिवस खात्यातून वजा झालेले तसेच राहतात, तिकिटाचे पैसे बुडतात आणि वर्षअखेरीस उरलेली रजाही बाद होते. म्हणून हा लेख मुख्यतः त्या दुसऱ्या प्रश्नावर आहे. उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत.

आधी ठरवा: आपल्याला कुठला नियम लागू आहे

रजेचा एकच असा कायदा नाही. आपण कुठे आणि कोणत्या पदावर काम करतो त्यावर उत्तर बदलतं, म्हणून सुरुवात इथूनच करायची.

सरकारी नोकरीत चित्र सगळ्यात स्पष्ट आहे. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ लागू आहेत, तर केंद्राच्या कर्मचाऱ्यांना १९७२चे केंद्रीय रजा नियम. दोन्हींचं मूळ तत्त्व एकच: रजा हक्क म्हणून मागता येत नाही, आणि सेवेची निकड असेल तर ती नाकारता येते किंवा मंजूर झालेली रद्दही करता येते. पण त्याच तरतुदीत कर्मचाऱ्याच्या बाजूची दोन वाक्यं दडलेली आहेत. एक, रद्द करण्याचा अधिकार रजा मंजूर करणाऱ्या सक्षम प्राधिकाऱ्यालाच आहे, शेजारच्या टेबलावरच्या वरिष्ठाला नाही. दोन, तुम्ही मागितलेल्या रजेचा प्रकार त्या अधिकाऱ्याला परस्पर बदलता येत नाही. अर्जित रजा मागितली असेल तर तुमच्या लेखी विनंतीशिवाय तिची अर्धवेतनी करता येत नाही.

कारखान्यातल्या कामगाराचं पारडं याहून जड आहे. कारखाने अधिनियम, १९४८च्या कलम ७९ नुसार वर्षात २४० दिवस काम केलेल्या प्रौढ कामगाराला पुढच्या वर्षी दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळते. रजा सुरू होण्याच्या किमान १५ दिवस आधी लेखी अर्ज द्यायचा, आणि वर्षातून तीनपेक्षा जास्त वेळा रजा घ्यायची नाही, एवढी पथ्यं पाळली तर तो अर्ज मनाला येईल तसा नाकारता येत नाही. कोण कधी रजेवर जाणार याची कामगार प्रतिनिधींशी ठरवून केलेली योजना असेल, तर तिच्यानुसारच नाकारता येतो. मंजूर रजा मागे घेण्याबद्दल हे कलम स्वतंत्रपणे काही बोलत नाही. पण जो अर्ज मुळात नाकारताच येत नाही, तो मंजूर करून आठ दिवसांनी मागे घेता येतो असं म्हणणं टिकायला अवघड आहे, असं माझं मत आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रम संहिता लागू झाल्या. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहितेच्या कलम ३२ मध्ये २४० दिवसांची अट १८० दिवसांवर आली आहे, दर २० दिवसांमागे एक दिवस हे प्रमाण तेच आहे.

दुकानं, ऑफिसं, आयटी कंपन्या, हॉटेलं यांना महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ लागू होतो. त्याच्या कलम १८ मध्ये वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा, वर्षात २४० दिवस भरल्यावर दर २० दिवसांमागे एक दिवस अर्जित रजा आणि ४५ दिवसांपर्यंत ती साठवण्याची मुभा आहे. मंजूर रजा रद्द करायला बंदी घालणारं वाक्य त्यात नाही. रद्द करता येईलच, असंही लिहिलेलं नाही. त्यामुळे नेमणूकपत्र आणि कंपनीचं रजा धोरण यांना महत्त्व येतं. ‘कामाच्या गरजेनुसार मंजूर रजा रद्द करण्याचा किंवा कर्मचाऱ्यास परत बोलावण्याचा अधिकार व्यवस्थापनाकडे राहील’ अशा अर्थाचं कलम बहुतेक धोरणांत सापडतं. ते वाचताना पुढची ओळही वाचा. खर्च भरून देण्याचं वाक्य असलं तर ते तिथेच असतं, आणि फोन करणाऱ्या मॅनेजरला ते बहुधा माहीत नसतं.

व्यवस्थापकीय, देखरेखीच्या किंवा गोपनीय स्वरूपाच्या पदावर असाल, तर या २०१७च्या कायद्याच्या रजेच्या तरतुदी तुम्हाला मिळत नाहीत. तुमच्याकडे फक्त नेमणूकपत्र आणि धोरण उरतं. नुसत्या पदनामावर जाऊ नका. कार्डावर ‘असिस्टंट मॅनेजर’ छापलेलं असतं, पण दिवसभर चलनं नोंदवायचं काम असतं, अशी कितीतरी माणसं आहेत. प्रत्यक्ष काम काय, यावर गोष्ट ठरते.

मग पाहा: रजा कोणत्या कारणाची आहे

काही रजांना हा सगळा हिशेब लागू नाही. बाळंतपणाची रजा मालकाच्या मर्जीवर नसते. बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत त्या बाईला कामावर ठेवणंच कायद्याने मना आहे, मग ती स्वतः तयार असली तरी. उरलेल्या रजेच्या काळातही तिला ‘तीन दिवसांसाठी येऊन जा’ म्हणता येत नाही, आणि त्या रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदेशीर आहे.

आजारपणाचंही तसंच. डॉक्टरांनी विश्रांती लिहून दिली असेल तर कामाची निकड हे परत बोलावण्याचं कारण होऊ शकत नाही. फार तर व्यवस्थापन दुसऱ्या डॉक्टरकडून तपासणी करून घेऊ शकतं. ईएसआयच्या विमाधारक कामगाराला आजारपणाचा लाभ चालू असताना कामावरून काढता येत नाही की शिक्षा करता येत नाही. अशा रजेवर असताना फोन आला, तर प्रमाणपत्राची प्रत पुन्हा पाठवायची आणि डॉक्टरांनी दिलेली तारीख कळवायची, एवढंच.

म्हणजे खरा प्रश्न उरतो तो अर्जित आणि नैमित्तिक रजेचा: लग्न, सण, सहल, शेतीची कामं, घराचं बांधकाम. पुढचं सगळं त्याबद्दल आहे.

फोन आला की पहिल्या तासात

फोनवर हो किंवा नाही म्हणू नका. ‘पाहतो आणि तासाभरात मेसेज करतो’ म्हणा. फोनवरच्या बोलण्याचा पुरावा राहत नाही. आठवड्याने ‘मी फक्त जमेल का एवढंच विचारलं होतं, तो आपणहून आला’ असं सांगितलं गेलं, तर तुमच्याजवळ दाखवायला काही नसतं. सरकारी नोकरीत तर हा फरक थेट पैशाचा आहे. आदेशाने परत बोलावलेला कर्मचारी आणि आपणहून लवकर हजर झालेला कर्मचारी यांना मिळणाऱ्या गोष्टी वेगळ्या असतात.

फोन ठेवल्यावर लगेच मेल किंवा मेसेज करा. सूर नम्र ठेवा, पण चार गोष्टी त्यात यायलाच हव्यात: कुणी सांगितलं, कधी सांगितलं, कधी हजर व्हायला सांगितलं आणि कशासाठी. हा मजकूर चालेल:

‘सर, आज दुपारी १२.४०च्या आपल्या फोनप्रमाणे माझी सोमवार ते शनिवार अशी मंजूर असलेली अर्जित रजा कार्यालयीन कामासाठी अर्ध्यावर रद्द करून मला लगेच हजर होण्यास सांगितले आहे. मी सध्या देवगडला आहे. आज रात्रीच्या गाड्यांना जागा नाही. मी उद्या सकाळी निघून शुक्रवारी कामावर हजर होईन. न वापरलेली रजा माझ्या खात्यात परत जमा करावी, उद्याचा प्रवासाचा दिवस कामाचा धरावा आणि प्रवासाचा वाढीव खर्च मिळावा, ही विनंती. आपला लेखी आदेश किंवा या मेलला होकार मिळावा.’

शेवटच्या ओळीला उत्तर आलं नाही तरी बिघडत नाही. तुमचं म्हणणं त्याच दिवशी लेखी पोचलं आणि समोरून ते खोडलं गेलं नाही, याला पुढे वजन असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंत तर पाठवलेल्या मजकुराचा स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह ठेवा, आणि तोच मजकूर स्वतःच्या खासगी मेलवरही ठेवा. कंपनीचा मेल नोकरी सोडल्याच्या दिवशी बंद होतो.

आपली अडचण सांगायची असेल तर याच तासात सांगा. ‘हे काम फोनवर सांगून होईल का’, ‘अमुक सहकाऱ्याला फाइल कुठे आहे ते माहीत आहे’, ‘शुक्रवारऐवजी सोमवारी चालेल का’ असे ठोस पर्याय द्या. निम्म्या वेळा प्रकरण इथेच मिटतं, कारण बोलावणाऱ्यालाही माणूस हवा नसतो, माहिती हवी असते.

एक प्रकरण पूर्ण हिशेबासह

वरच्या मेलमधल्या माणसाचंच उदाहरण घेऊ. समजा तो ठाण्यातल्या एका व्यापारी फर्मच्या हिशेब विभागात कारकून आहे. रविवार साप्ताहिक सुटी, सोमवार ते शनिवार काम. गणपतीसाठी त्याने महिनाभर आधी सहा दिवसांची अर्जित रजा मागितली आणि मेलवर मंजुरी आली. शनिवारी रात्री तो कुटुंबासह देवगडला निघाला. बुधवारी दुपारी फोन आला की जीएसटीच्या तपासणीसाठी अधिकारी येणार आहेत, उद्या हजर व्हा. गणपतीच्या दिवसांत कोकणातून तसं निघणं शक्य नव्हतं. गुरुवारी सकाळी त्याला खासगी बस मिळाली, रात्री तो ठाण्याला पोचला आणि शुक्रवारी-शनिवारी कामावर होता. कुटुंब गावीच राहिलं.

आता दिवसांचा हिशेब. सोमवार, मंगळवार आणि बुधवार त्याने रजेवर काढले, म्हणजे तीन दिवस वापरले. शुक्रवार आणि शनिवार तो कामावर होता, ते दोन दिवस खात्यात परत आलेच पाहिजेत, त्यात वादाला जागा नाही. वाद होतो तो गुरुवारवर. तो दिवस त्याने ना गावी घालवला, ना ऑफिसात. फर्म म्हणेल, तो दिवस रजाच. त्याने म्हणायला हवं की हा प्रवास तुमच्या सांगण्यावरून झाला.

इथे सरकारी नियमाचा दाखला उपयोगी पडतो. केंद्रीय रजा नियमांतल्या नियम २३ प्रमाणे रजा संपण्याआधी परत बोलावणं हे नेहमी सक्तीचंच मानलं जातं. कर्मचारी देशातच रजेवर असेल तर तो ज्या दिवशी कामाच्या ठिकाणाकडे निघतो त्या दिवसापासून कामावर धरला जातो, त्या प्रवासाचा भत्ता त्याला मिळतो, आणि हजर होईपर्यंत रजावेतनही चालू राहतं. रजेसाठी परदेशी गेला असेल तर परतीचा प्रवासखर्च सरकार देतं, आणि ठरावीक मुदतीच्या आत बोलावलं असेल तर जाण्याचा खर्चही परत मिळतो. खासगी फर्मला हा नियम बांधील नाही. पण देशातला सगळ्यात मोठा मालक हे न्याय्य समजतो, एवढं मेलमध्ये एका वाक्यात लिहिलं की मागणी अवाजवी वाटत नाही. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांनी आपल्या आदेशात परत बोलावल्याचा आणि ते सक्तीचं असल्याचा स्पष्ट उल्लेख करून घ्यावा. प्रवासभत्त्याच्या बिलाला तोच कागद लागतो.

गुरुवार मान्य झाला तर त्याचे तीन दिवस परत येतात, नाही तर दोन.

पैशाचं असं. त्याचं रविवारचं परतीचं तिकीट रद्द झालं, परतावा कापून समजा ३०० रुपये बुडाले. ऐन सणात खासगी बसला १,९०० रुपये पडले, आणि मूळ तिकीट ७०० रुपयांचं होतं. त्याला घरी तर यायचंच होतं, म्हणून पूर्ण १,९०० मागणं बरोबर नाही. वाढीव १,२०० आणि बुडालेले ३००, मिळून १,५०० रुपये ही सरळ मागणी झाली. कुटुंबाच्या तिकिटांना धक्का लागला नाही, तर त्यांचे पैसे मागू नयेत. सहा जणांनी केलेलं हॉटेलचं बुकिंग एकाच्या रजेमुळे सगळ्यांना रद्द करावं लागलं, तर मात्र ते बुकिंग रजा मंजूर झाल्यानंतरच्या तारखेचं आहे हे दाखवून संपूर्ण मागता येतं. मंजुरीच्या आधी केलेलं बुकिंग आपल्या जोखमीवर असतं. म्हणूनच मंजुरीचा मेल आल्याशिवाय पैसे भरू नयेत.

खासगी नोकरीत हे पैसे देण्याची सक्ती करणारं कलम नाही. धोरणात वाक्य असेल तर त्याच्या आधारे, नसेल तर परत आल्याच्या आठवड्यातच पावत्या जोडून मागायचे. ज्याची तपासणी तुमच्यामुळे पार पडली तो मालक त्या आठवड्यात जेवढा मोकळ्या हाताचा असतो तेवढा पुन्हा होत नाही.

एक गैरसमज इथेच दूर करतो. रजेच्या दिवशी कामावर आलो म्हणून दुप्पट पगार मिळत नाही. रजा रद्द झाली की तो साधा कामाचा दिवस होतो. साप्ताहिक सुटीच्या किंवा सणाच्या ठरलेल्या सुटीच्या दिवशी बोलावलं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे जादा मोबदला आणि बदली सुटी यांचे नियम लागू होतात. कारखान्यातल्या कामगाराने आणखी एक पाहावं. कलम ७९ प्रमाणे रजेच्या मधे किंवा टोकाला आलेल्या सुट्या रजेत मोजत नाहीत. मधला रविवार किंवा गणेश चतुर्थीची सुटी रजेतून कापली असेल तर ती चूक आहे.

दिवस परत आले का, हे स्वतः पाहा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि तेही कुणाच्या वाईट हेतूविना. रजा मंजूर होते त्या क्षणी सॉफ्टवेअर सहा दिवस वजा करतं. माणूस चौथ्या दिवशी परत आला तरी ती नोंद आपोआप बदलत नाही. कुणीतरी मूळ रजा रद्द करून तीन दिवसांची नवी नोंद करायला लागते. मॅनेजरला वाटतं एचआर करील, एचआरला कुणी सांगितलेलंच नसतं. हजेरी यंत्रात शुक्रवार-शनिवारचे पंच असतात आणि रजेच्या तक्त्यातही तेच दिवस रजा म्हणून असतात. पगार पूर्ण आलेला असतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पुढच्या महिन्याच्या पगारपत्रकावर रजेची शिल्लक पाहा आणि चुकली असेल तर हजेरीच्या नोंदीसह मेल करा.

दुसरी गोष्ट वर्षअखेरीची. नैमित्तिक रजा त्या वर्षात वापरली नाही की संपते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली नैमित्तिक रजा रद्द झाली, तर ती तुमच्या हातून कायमची जाते. म्हणून रद्द होतानाच दुसरी तारीख लेखी मागून घ्या, आणि ती तारीख ३१ डिसेंबरच्या आतली असू द्या.

अर्जित रजेचं वेगळं आहे. कारखान्यात पुढच्या वर्षी फक्त ३० दिवस नेता येतात. पण कामगाराने मागितलेली रजा त्याला दिली गेली नसेल, तर ती नाकारलेली रजा कोणत्याही मर्यादेशिवाय पुढे नेता येते. नव्या संहितेतही ही तरतूद आहे. दुकाने व आस्थापना कायद्यात ४५ दिवसांची मर्यादा आहे. १५ दिवस आधी अर्ज करूनही देय असलेली रजा मालकाने नाकारली, तर ४५ दिवसांवरच्या रजेचे पैसे मागण्याचा हक्क कामगाराला आहे.

म्हणजे ज्याची शिल्लक मर्यादेला टेकली आहे, त्याच्यासाठी रजा रद्द झाल्याचा कागद हा थेट पैशाचा कागद आहे. पण सॉफ्टवेअरमध्ये बरेचदा असं घडतं: मॅनेजर सांगतो, ‘तूच तुझी रजा विथड्रॉ कर, मी नंतर पुन्हा मंजूर करतो.’ तुम्ही बटण दाबता आणि नोंद होते की कर्मचाऱ्याने स्वतः रजा मागे घेतली. नाकारलेल्या रजेचा सगळा फायदा तिथेच संपतो. म्हणून रजा रद्द करण्याचं बटण व्यवस्थापनाने दाबावं. ते तुमच्याच खात्यातून करावं लागत असेल, तर कारणाच्या चौकटीत ‘व्यवस्थापनाच्या सूचनेवरून, अमुक तारखेच्या फोनप्रमाणे’ असं लिहा. चौकट नसेल तर मेल करा.

रजेवर असतानाच लॅपटॉप उघडायला लावला तर

परत बोलावत नाहीत, पण रोज दोन तास कॉलवर बसवतात, असा प्रकार आता फार वाढला आहे. कामाच्या वेळेबाहेर फोन न उचलण्याचा हक्क देणारा कायदा आपल्याकडे अजून नाही. पण त्या दिवसाची रजा कापायची आणि काम करून घ्यायचं, या दोन्ही गोष्टी एकत्र जात नाहीत. पहिल्या दिवसाचं काम झाल्यावर मेल करा: आज सकाळी १० ते १२.३० अमुक काम केलं, आजचा अर्धा दिवस रजेत धरू नये. दोन मेल गेले की कॉल बऱ्याचदा आपोआप कमी होतात. एखाद्या पासवर्डसाठी किंवा फाइलच्या जागेसाठी आलेल्या पाच मिनिटांच्या फोनला मात्र हे लावू नये.

जाणं खरंच शक्य नसेल तर

घरात मृत्यू झाला आहे, आई अतिदक्षता विभागात आहे, पुराने रस्ता बंद आहे, आपण परदेशात आहोत आणि तिकीट मिळत नाही. अशा वेळी न जाणं आणि नुसतं न जाणं यात फरक आहे. फोन बंद करून बसलात तर रद्द झालेल्या रजेचे दिवस गैरहजेरी धरले जातात. त्या दिवसांचा पगार कापला जातो, आणि पुढे ‘आदेश मोडला’ आणि ‘विनापरवानगी गैरहजर’ असे दोन आरोप ठेवले जाऊ शकतात. रजा आधी मंजूर होती, हे सांगून तुम्ही पहिला आरोप सौम्य करू शकता, पुसून टाकू शकत नाही.

कळवलं असेल तर चित्र बदलतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कृष्णकांत परमार विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सांगितलं आहे की गैरहजेरी जाणूनबुजून केलेली होती हे खात्याने सिद्ध करायला लागतं, आणि हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे येता आलं नसेल तर ती गैरहजेरी जाणूनबुजून केलेली नसते. त्याआधी १९९३ मध्ये डी. के. यादव प्रकरणात त्याच न्यायालयाने ठरवलं होतं की इतके दिवस न आल्यास नोकरी आपोआप संपेल असं स्थायी आदेशात लिहिलेलं असलं, तरी कामगाराला बाजू मांडू दिल्याशिवाय काढता येत नाही.

तेव्हा अशा वेळी कारण, त्याचा पुरावा आणि कधी येऊ शकतो ती तारीख, या तीन गोष्टी त्याच दिवशी कळवायच्या. पुरावा म्हणजे दवाखान्याचं दाखलपत्र, गाडी रद्द झाल्याचा मेसेज, विमानाच्या उपलब्ध तिकिटांचं त्या वेळचं चित्र. तारीख दिली की ती पाळायची. आणि खोटं कारण कधीही द्यायचं नाही. आजारपणाचं प्रमाणपत्र जोडलेल्या माणसाचा त्याच दिवशीचा मिरवणुकीतला फोटो फेसबुकवर सापडला, तर रजेचा वाद बाजूला राहतो आणि खोट्या प्रमाणपत्राचा आरोप समोर येतो. त्यात नोकरी जाऊ शकते.

सरकारी कर्मचाऱ्यांनी दोन प्रसंगी या वाटेने जाऊच नये: निवडणुकीचं काम आणि आपत्ती. तिथे फक्त रजेचे नियम नसतात. लोकप्रतिनिधित्व कायदा आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा यांच्याखाली काम टाळणाऱ्याला शिक्षेची तरतूद आहे. तिथे हजर होऊन मग सूट मागायची.

दाद कुठे मागायची

आधी ऑफिसातच. रजा मंजूर करणाऱ्याच्या वरच्या अधिकाऱ्याला किंवा एचआरला लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. मागणी नेमकी ठेवा: इतके दिवस जमा करा, इतके रुपये द्या. ‘माझ्यावर अन्याय झाला’ एवढंच लिहिलेल्या अर्जावर कुणाला काही करता येत नाही.

तिथे झालं नाही तर दुकानं आणि ऑफिसांतल्या कामगाराने कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जावं. २०१७च्या कायद्यात पूर्वीच्या निरीक्षकाला ‘सुविधाकार’ म्हटलं आहे, तक्रार त्याच्याकडे जाते. कारखान्यातल्या रजेची तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे करायची. जाताना मंजुरीचा मेल, रद्द केल्याचा मेल किंवा मेसेज, हजेरीचा उतारा आणि पगारपत्रक, एवढे चार कागद न्या. एका रद्द झालेल्या रजेसाठी तिथे कुणी मोठी कारवाई करील अशी अपेक्षा ठेवू नका. खात्यात न आलेले दिवस किंवा न दिलेले रजेचे पैसे ही मात्र तिथे नीट हाताळली जाणारी तक्रार आहे, कारण ती रजिस्टरवरून तपासता येते.

राज्य सरकारी कर्मचाऱ्याने आधी खात्यात निवेदन द्यावं. खात्याने नाकारलं, किंवा सहा महिने उत्तरच दिलं नाही, तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाता येतं. त्यासाठी मुदत एक वर्षाची आहे. खात्याने नकार दिला असेल तर ती नकाराच्या तारखेपासून मोजतात, उत्तरच आलं नसेल तर ते सहा महिने संपल्यापासून. म्हणून निवेदनाची पोच आणि नकाराचं पत्र, दोन्हींवरची तारीख वाचता येईल अशा प्रती फाइलला लावून ठेवा.

वर ठाण्यातल्या ज्या कारकुनाचं उदाहरण घेतलं, त्याने पहिला अर्ज मॅनेजरकडे करावा, पंधरा दिवस थांबावं, मग मालकाकडे जावं, आणि त्यानंतरच कामगार आयुक्तांच्या कार्यालयाची वाट धरावी. पंधराशे रुपये आणि एका गुरुवारसाठी तिथपर्यंत जायचं की नाही, हा त्याचा त्याने ठरवायचा प्रश्न आहे. शुक्रवार आणि शनिवारचे दोन दिवस मात्र त्याने सोडू नयेत. ते काम करून कमावलेले आहेत.